आलेखाने उडी मारली की सीमा कुठली धरायची?

पावसाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या तापीकाठच्या गावांना एक बातमी ठरलेली: हतनूरचे दरवाजे उघडले. धरणाला दरवाजे ४१. वर मध्य प्रदेशात आणि पूर्णेच्या खोऱ्यात, विदर्भात, पाऊस झाला की आवक वाढते आणि कधी थोडे, कधी सगळेच दरवाजे उचलावे लागतात. अशा विसर्गाचा आलेख काढला, म्हणजे आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर विसर्ग, तर रेषा काही तास सपाट चालते आणि दरवाजे उचलले की एकदम वरच्या पायरीवर जाते.

समजा, सकाळी आठपर्यंत विसर्ग १० हजार क्यूसेक होता आणि आठ वाजता तो ३० हजार केला. (आकडे सोयीसाठी घेतलेत. खरे दरवाजे उचलायला वेळ लागतो, पण दिवसभराच्या आलेखावर तो वेळ दिसतसुद्धा नाही.) आता कोणी विचारलं, "बरोब्बर आठला विसर्ग किती?" तर एक जण म्हणेल १० हजार, दुसरा म्हणेल ३० हजार, तिसरा मधला मार्ग काढून २० हजार सांगेल. अकरावीच्या वर्गात लिमिट म्हणजे सीमा आणि कंटिन्युइटी म्हणजे सातत्य शिकवताना आलेख समोर ठेवला की हीच तीन उत्तरं येतात. गोंधळ होतो, कारण आपण तीन वेगळे प्रश्न एकाच दमात विचारतो: आठच्या अगदी आधी विसर्ग कशाच्या जवळ होता, आठच्या अगदी नंतर कशाच्या जवळ होता, आणि आठ वाजता स्वतः किती होता. हे तीन प्रश्न सुटे केले की अर्धं काम झालं.

## वहीत एक आलेख काढा

नुसतं वाचून हे डोक्यात बसणार नाही. आलेखाचा कागद किंवा चौकटीची वही घ्या. पुढचा सगळा लेख याच एका आलेखावर चालणार आहे. फंक्शनला f म्हणू. X ची किंमत ० ते ६.

पहिला तुकडा: (०, १) पासून (२, ३) पर्यंत सरळ चढती रेषा. सुरुवातीला, (०, १) वर, भरीव ठिपका द्या. शेवटी, (२, ३) वर, पोकळ गोल.

दुसरा तुकडा: (२, १) वर भरीव ठिपका देऊन तिथून (४, २) पर्यंत हळू चढणारी रेषा. (४, २) वर पुन्हा पोकळ गोल.

तिसरा तुकडा: त्याच (४, २) च्या पोकळ गोलापासून (६, ०) पर्यंत उतरती रेषा, शेवटी भरीव ठिपका. आणि एक ठिपका एकटाच, रेषेपासून तुटलेला: (४, ४) वर.

भरीव ठिपका म्हणजे हा बिंदू आलेखात आहे. पोकळ गोल म्हणजे रेषा इथपर्यंत येते, पण हा बिंदू तिचा नाही. एका x वर पोकळ गोल कितीही असू देत, भरीव ठिपका एकच असू शकतो, कारण फंक्शन एका x ला एकच किंमत देतं. छापील प्रश्नात एका उभ्या रेषेवर दोन भरीव ठिपके दिसले, तर छपाई चुकली आहे किंवा ते फंक्शनच नाही.

## x = २ वर काय वाचायचं

x = २ या उभ्या रेषेवर कागदाची एक अरुंद पट्टी ठेवा. ठिपके झाकले गेले पाहिजेत. आता डावीकडून, म्हणजे ० कडून २ कडे, बोट रेषेवरून सरकवा. उंची १, मग २, मग अडीच, २.९, आणि पट्टीच्या काठाशी ३ ला टेकायला आलेली. हा ३ म्हणजे डावीकडची सीमा:

lim (x→2⁻) f(x) = 3

मग उजवीकडून या. x = ३ वर उंची १.५ आहे. २ कडे येताना ती १.४, १.२, १.१ अशी उतरत १ ला टेकते. ही उजवीकडची सीमा:

lim (x→2⁺) f(x) = 1

सगळ्यात शेवटी पट्टी उचला आणि भरीव ठिपका बघा. तो (२, १) वर आहे, म्हणून f(2) = 1. हा क्रम मी मुद्दाम सांगतो. ठिपका आधी पाहिला की नजर तिथेच अडकते आणि मग दोन्ही बाजूंच्या सीमाही त्याच्याच किमतीला नेऊन बसवल्या जातात. सीमा वाचताना ठिपक्याचं कामच नाही. तो वर असो, खाली असो, नसला तरी चालेल. ३ आणि १ ही उत्तरं बदलत नाहीत.

नदीवर पूल बांधताना दोन्ही काठांकडून रस्ते येतात, तसं हे आहे. एका काठाचा रस्ता तीन मीटर उंचीवर येऊन थांबला, दुसऱ्या काठाचा एक मीटरवर. मधल्या खांबाची उंची किती, यावरून रस्ते कुठे पोचले हे ठरत नाही.

दोन बाजूंच्या सीमा सारख्या आल्या, तरच नुसती "सीमा" आहे असं म्हणतात. इथे ३ आणि १ वेगळे, म्हणून lim (x→2) f(x) अस्तित्वात नाही. "अस्तित्वात नाही" हे पूर्ण उत्तर आहे, त्याचे मार्क मिळतात. बरीच मुलं घाबरून काहीतरी आकडा लिहून येतात.

## मग सरासरी २ का घेऊ नये?

हा प्रश्न चांगला आहे आणि "व्याख्येत बसत नाही" एवढं उत्तर त्याला पुरत नाही.

सीमा L आहे असं म्हणणं हा एक दावा आहे. दावा असा, की तुम्ही L च्या वर आणि खाली कितीही अरुंद आडवा पट्टा आखा, २ च्या पुरेसं जवळ गेलं की आलेख सगळाच्या सगळा त्या पट्ट्यात बसेल; फक्त x = २ चा बिंदू सोडून. आता L = २ धरा आणि पट्टा १.५ ते २.५ चा आखा. डावीकडून २ च्या जवळ आलेख ३ च्या आसपास आहे, म्हणजे पट्ट्याच्या वर. उजवीकडून तो १ च्या आसपास, म्हणजे पट्ट्याच्या खाली. पट्ट्यात कोणीच नाही. सरासरी हा दोन्ही बाजूंना न्याय देणारा आकडा वाटतो, पण आलेख तिथे फिरकतच नाही.

L बदलून बघा. एक एकक उंचीच्या पट्ट्यात ३ आणि १ या दोघांच्या शेजारचे बिंदू एकत्र मावणारच नाहीत, कारण त्यांच्यात अंतरच २ चं आहे. म्हणून कुठलाच L चालत नाही. या अंतराला उडीचं माप म्हणतात.

सरासरीला गणितात अगदीच जागा नाही असं मात्र नाही. फूरिए मालिका नावाचा एक प्रकार आहे, त्यात अशा उडीवर मालिका दोन बाजूंच्या बरोबर मधल्या किमतीला जाते. पण तो मालिकेचा गुण आहे. आलेखाची सीमा वाचताना त्याचा उपयोग नाही.

## x = ४ वर उलटी गंमत

पट्टी आता ४ वर न्या. डावीकडून येणारी रेषा २ ला टेकते. उजवीकडून, ५ वरून ४ कडे येताना, उंची १ वरून चढत २ लाच येते. दोन्ही सीमा सारख्या, म्हणून lim (x→4) f(x) = 2. पट्टी उचलली की ठिपका दिसतो वर, ४ वर: f(4) = 4.

सीमा आहे, किंमतही आहे, पण दोघांचं जुळत नाही. अशा ठिकाणी सातत्य नाही. एखाद्या बिंदूवर फंक्शनचं सातत्य आहे असं म्हणायला डावी सीमा, उजवी सीमा आणि त्या बिंदूवरची किंमत हे तिन्ही आकडे एक असावे लागतात.

२ आणि ४ या दोन्ही ठिकाणी सातत्य नाही, पण दुखणं सारखं नाही. ४ वरचा ठिपका उचलून (४, २) च्या पोकळ गोलात बसवला की काम झालं, सातत्य आलं. २ वर ठिपका कुठेही ठेवा, ३ वर, १ वर, मध्ये, काही फरक पडत नाही. रस्तेच वेगळ्या उंचीवर आलेत. म्हणून ४ वरच्या प्रकाराला दूर करता येणारी असंततता म्हणतात आणि २ वरच्याला उडी.

४ वर ठिपका खाली बसवल्यावरही आलेखाला तिथे कोपरा राहतो: चढती रेषा एकदम उतरायला लागते. कोपरा म्हणजे तुटणं नव्हे. हतनूरचंच घ्या. आठ वाजता विसर्ग उडी मारतो, पण धरणातला साठा उडी मारत नाही. आवक एकसारखी आणि १० हजार ते ३० हजारांच्या मधली धरली, तर साठा आठपर्यंत वाढत असेल आणि आठनंतर घटू लागेल. एका क्षणात लाखो घनमीटर पाणी गायब होत नाही. साठ्याच्या आलेखाला आठ वाजता कोपरा येतो, फट पडत नाही.

## अर्धं सातत्य, आणि टोकांचं काय?

२ वर परत येऊ. तिथे उजवी सीमा १ आणि किंमतही १. म्हणजे उजवीकडून पाहणाऱ्याला काहीच बिघडलेलं दिसत नाही. याला उजवीकडून सातत्य म्हणतात. डावीकडून मात्र नाही, कारण डावी सीमा ३. उडीच्या ठिकाणी भरीव ठिपका ज्या तुकड्याला चिकटलेला असतो, त्या बाजूने सातत्य. दोन्ही बाजूंना सुटा असेल तर कुठूनच नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ वाटत असेल तर हे दोन प्रश्न घ्या. [२, ३] या अंतरालावर f चं सातत्य आहे का? आणि [१, २] वर? दोन्हींत २ हा बिंदू आहे आणि २ वर उडी आहे, म्हणून दोन्हींचं उत्तर "नाही" असं लिहिलं जातं. पहिलं चूक आहे. बंद अंतरालाच्या टोकावर फक्त आतल्या बाजूची सीमा बघतात. [२, ३] साठी २ ची आतली बाजू उजवी. तिथे सीमा १, किंमत १, म्हणून सातत्य आहे. [१, २] साठी आतली बाजू डावी. सीमा ३, किंमत १, म्हणून नाही.

याच नियमाने x = ० आणि x = ६ चाही निकाल लागतो. ० च्या डावीकडे आलेखच नाही, तेव्हा डावी सीमा शोधायची नाही. उजवी सीमा १, किंमत १, ठीक. ६ वर डावी सीमा ०, किंमत ०, तेही ठीक.

## मोबाईलवर तर उभी रेषा दिसते!

दिसते, आणि ती खोटी असते. आलेख काढणारी बरीच साधनं मोजके बिंदू घेतात आणि शेजारचे बिंदू रेषेने जोडून टाकतात. उडीच्या अलीकडचा बिंदू ३ जवळ, पलीकडचा १ जवळ. जोडले की जवळजवळ उभी रेषा तयार. ती खरी मानली, तर x = २ ला १ पासून ३ पर्यंतच्या सगळ्या किमती मिळतील, म्हणजे ते फंक्शनच राहणार नाही. त्या रेषेवरून काहीही वाचायचं नाही.

एक्सेलमध्ये हाच घोटाळा जास्त फसवा होतो. विसर्गाची नोंद तासातासाने आहे असं धरा: सातला १० हजार, आठला ३० हजार. लाइन चार्ट काढला की सात ते आठ अशी तिरपी रेषा येते, आणि साडेसातला विसर्ग २० हजार होता असं ती सांगते. तो तसा कधीच नव्हता. नुसते बिंदू ठेवले तर निदान खोटं तरी बोललं जात नाही. पायरी कुठे आहे हे तासाच्या नोंदींवरून कळणारच नाही, त्याला दरवाजा उचलल्याची वेळ वेगळी लिहिलेली लागते. परीक्षेतल्या आलेखात ठिपका आणि गोल दिलेले असतात, म्हणजे ती वेळ आपल्याला आयती मिळालेली असते.

## सीमा नाही, तर पुढचं गणितही नाही?

इथे हुशार मुलंही चुकतात, म्हणून जरा थांबून बघू.

प्रश्न असा: lim (x→2) [f(x) + f(4 − x)] किती? x २ कडे गेला की ४ − x सुद्धा २ कडे जातो. २ वर f ला सीमा नाही, तेव्हा दोन्ही पदांना सीमा नाही, म्हणून बेरजेलाही नाही, असं उत्तर पटकन येतं.

बाजू तपासा. x डावीकडून २ कडे येतोय, म्हणजे २ पेक्षा थोडा लहान, समजा १.९. मग ४ − x = २.१, म्हणजे २ पेक्षा थोडा मोठा. पहिलं पद डाव्या सीमेकडे, ३ कडे जातं. दुसरं पद उजव्या सीमेकडे, १ कडे. बेरीज ४. आता x उजवीकडून आणा. पहिलं पद १ कडे, दुसरं ३ कडे. बेरीज पुन्हा ४. दोन्ही बाजूंनी ४, म्हणजे सीमा आहे आणि ती ४ आहे. एकाची उडी खाली, दुसऱ्याची तेवढीच वर. दोघांनी एकमेकांना फेडलं. मात्र बरोबर x = २ ला किंमत f(2) + f(2) = 2, म्हणून सातत्य नाही.

"बेरजेची सीमा म्हणजे सीमांची बेरीज" हा नियम खोटा ठरला का? नाही. तो नियम दोन्ही सीमा असतील तेव्हाच बोलतो. नसतील तेव्हा तो गप्प असतो, आणि आपण त्याच्या गप्प बसण्याला नकार समजतो. एका बाजूच्या सीमा इथे दोन्ही पदांना होत्या, म्हणून नियम एकेका बाजूला सुखाने लागला.

## f च्या आत f

शेवटचं, आणि माझ्या मते या आलेखातलं सगळ्यात चवदार: lim (x→4) f(f(x)).

आतलं f आधी. x चार कडे जातो तेव्हा f(x) दोन कडे जातो, हे आपण वाचलं आहे. आता बाहेरच्या f ला विचारायचं, २ च्या जवळ तू काय करतोस? आणि बाहेरच्या f ची २ वर उडी आहे. इथे तीन उत्तरं येतात. काही जण लिहितात f(2), म्हणजे १. काही जण लिहितात, सीमा नाही. काही जण ४ लिहितात, कारण f(4) = 4 आणि f(f(4)) सुद्धा ४. तिन्ही चूक.

कारण आतलं f २ कडे जातं, पण कुठल्या बाजूने? वही बघा. ४ च्या डावीकडे रेषा चढत २ कडे येते, म्हणजे तिची उंची २ पेक्षा थोडी कमी. ४ च्या उजवीकडेही रेषा २ च्या खालीच आहे, १.९, १.९५ अशी. म्हणजे x कुठूनही येवो, f(x) मात्र २ कडे खालूनच येतो. आडव्या अक्षावर ठेवलं की "खालून" म्हणजे "डावीकडून". तेव्हा बाहेरच्या f ची फक्त डावी सीमा कामाची, आणि ती ३. उत्तर ३.

पडताळा घ्या. x = ३.८ धरा. f(3.8) = 1.9, आणि पहिल्या तुकड्यावर f(1.9) = 2.9. x = ४.१ धरा. f(4.1) = 1.9, पुन्हा २.९. जवळ जाल तसं ३.

"पण पुस्तकात तर सीमा f च्या आत नेता येते असं दिलंय," असं कोणी म्हणेल. दिलंय, पण बाहेरच्या फंक्शनचं त्या बिंदूवर सातत्य असेल तर. इथे बाहेरच्या f चं २ वर सातत्य नाही, तेव्हा ती वाट बंद. बाजू बघत पायी जावं लागतं.

आता तिसरा तुकडा खोडा आणि (४, २) पासून (६, ४) पर्यंत चढती रेषा काढा. lim (x→4) f(x) अजूनही २ च आहे. पण उजवीकडून येताना f(x) आता २ च्या वर असतो, ४.१ ला २.१, आणि बाहेरचं f त्याला दुसऱ्या तुकड्यावर नेतं: f(2.1) = 1.05. उजवीकडून उत्तर १, डावीकडून अजूनही ३, आणि lim (x→4) f(f(x)) आता अस्तित्वात नाही.